विसर्जन मिरवणुकीच्या काळातील सेवेबद्दल आभार

सदाशिव पेठ, पुणे ४११ ०३०
दिनांक : १० सप्टेंबर २०२५

प्रति,
१) आमच्या भागातील आरोग्य कोठीचे सर्व सफाई सेवक, कंत्राटी सफाई कामगार, मुकादम व आरोग्य निरीक्षक, पुणे महानगरपालिका
२) लक्ष्मी रस्त्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंदोबस्तास असलेले सर्व पोलीस अंमलदार, अधिकारी व होमगार्ड, मार्फत मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, विश्रामबाग पोलीस ठाणे

विषय : अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत व त्यानंतर केलेल्या कामाबद्दल कृतज्ञता, तसेच या कामाची कार्यालयीन नोंद घेण्याची विनंती.

सप्रेम नमस्कार,

लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका गल्लीत आमची चोवीस कुटुंबांची इमारत आहे. शनिवार, ६ सप्टेंबर रोजी सकाळी साडेनऊला मंडईतून निघालेली मिरवणूक रविवारी संध्याकाळी संपली. तीस तासांहून अधिक काळ आपण रस्त्यावर काय करत होता, हे आम्ही आमच्या खिडक्यांतून आणि काही वेळा अगदी आपल्या शेजारी उभे राहून पाहिले आहे. सणानंतर ‘सर्व यंत्रणांचे आभार’ असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु त्या शब्दांत कोणी नेमके काय केले हे हरवून जाते. म्हणून आमच्यासमोर घडलेल्या गोष्टी वेळेसह लिहून आपल्याकडे आणि आपल्या वरिष्ठांकडे पाठवण्याचे आमच्या सभेत सर्वांनी ठरवले.

पहिली गोष्ट शनिवारी रात्रीची. पावणेबाराच्या सुमारास आमच्या तिसऱ्या मजल्यावरील ८१ वर्षांच्या काकांना एकाएकी धाप लागली आणि त्यांना बसवत, झोपवत काहीच जमेना. रुग्णवाहिका केळकर रस्त्याच्या बाजूला येऊन थांबली होती, पण तिच्यात आणि आमच्यात लक्ष्मी रस्ता होता आणि त्या वेळी तिथे एका मंडळाचा रथ, त्यापुढे ढोल पथक आणि दोन्ही बाजूंना हलायला जागा नसलेली गर्दी होती. काकांची सून धावत खाली आली आणि बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या महिला अंमलदारांना तिने दोन वाक्यांत परिस्थिती सांगितली. त्यांनी एकही प्रश्न न विचारता वायरलेसवर निरोप दिला, शेजारच्या चौकातील उपनिरीक्षक गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी पथकाच्या प्रमुखाच्या खांद्यावर हात ठेवून कानात काहीतरी सांगितले. क्षणात ढोल थांबले. पथकातल्या मुलामुलींनी कमरेचे ढोल मागे सरकवून हातात हात घालून दोन रांगा केल्या आणि त्या रांगांमधून दोन अंमलदार, एक होमगार्ड आणि आमच्या इमारतीतील एक तरुण अशा चौघांनी काकांना खुर्चीसकट उचलून पलीकडे नेले. काका घरातून निघाल्यापासून रुग्णवाहिकेत बसेपर्यंत बारा मिनिटे लागली. एरवी त्या क्षणी नुसता रस्ता ओलांडायलाही त्याहून अधिक वेळ लागला असता.

त्या महिला अंमलदार काकांची औषधांची पिशवी आणि जुन्या तपासण्यांची फाईल हातात धरून रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत गेल्या आणि परत आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. रविवारी पहाटे त्यांच्या जागी दुसरा अंमलदार आला, तेव्हा घरी जाण्याआधी त्या आमच्या जिन्यापाशी आल्या आणि ‘आजोबा कसे आहेत?’ एवढे विचारून, उत्तर ऐकून मग गेल्या. काल, मंगळवारी काका घरी आले. आल्यावर त्यांनी पहिली चौकशी त्या ‘फाईल धरणाऱ्या पोरीची’ केली. हे पत्र लिहिण्याचा आग्रहही मूळचा त्यांचाच आहे.

दुसरा प्रसंग रविवारी सकाळचा. साडेसात वाजता साधारण सहा वर्षांची एक मुलगी आमच्या दारात रडताना सापडली. तिला आपले नाव सांगता येत होते, गाव सांगता येत नव्हते. आपल्यापैकी एका वयस्क हवालदारांनी तिला खुर्चीवर न बसवता बॅरिकेडच्या आडव्या दांडीवर, गर्दीला दिसेल असे उंच बसवून स्वतः धरून ठेवले, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारायला लावले आणि आई येईपर्यंतची चाळीस मिनिटे तिच्याशी ढोलाच्या तालाविषयी गप्पा मारल्या. आई आल्यावर मुलीला लगेच तिच्या हाती न देता, मुलगी तिला ओळखते आहे याची खात्री करून, मोबाईल क्रमांक लिहून घेऊनच त्यांनी तिला सोपवले. आईच्या रडण्यापुढेही ही दक्षता त्यांनी ढळू दिली नाही, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

सफाई सेवकांच्या कामाविषयी लिहिताना मात्र एखादा प्रसंग वेगळा काढणे कठीण जाते, कारण ते काम कुठे थांबतच नव्हते. शनिवारी पहाटे पाचला, रांगोळ्या घालणारी मंडळी येण्याआधी, रस्ता झाडून झालेला होता. मानाचे पाचही गणपती पुढे गेल्यावर दोन मंडळांमध्ये जेवढी मोकळी जागा मिळेल तेवढ्यात आपण झाडत होता. मागचा रथ जवळ आला की झाडू उभा धरून भिंतीला टेकायचे आणि तो गेला की पुन्हा सुरू करायचे, असे रात्रभर चालले होते. ज्यांना हे काम मिरवणूक संपल्यावर सुरू होते असे वाटते, त्यांनी एकदा रात्री दोन वाजता आमच्या गॅलरीत उभे राहून पाहावे.

रविवारी संध्याकाळी शेवटचे मंडळ पुढे गेले तेव्हा रस्त्यावर चपलांचे ढीग, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कागदी पेले, केळीच्या साली, कागदी तुकड्यांचा ओला थर आणि तुडवलेल्या हारांचा चिखल होता. आपण ते एकत्र लोटून गाडीत टाकू शकला असता. तसे न करता चपला वेगळ्या, बाटल्या वेगळ्या आणि फुले वेगळी काढण्यात आली. हारांमधली प्लॅस्टिकची जर आणि दोरे दोन ताईंनी बसून हातांनी सोडवले. आम्ही विचारले तेव्हा त्यांपैकी एक म्हणाल्या, ‘देवावरची फुलं आहेत, खत व्हायला पाहिजेत, कचऱ्यात कशी घालू?’ निर्माल्याविषयी आम्ही घरात मुलांना जे सांगतो ते इतक्या थकलेल्या अवस्थेत कोणी पाळताना आम्ही प्रथमच पाहिले.

त्याच रात्री नऊच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पावसाळी पाण्याची जाळी कागदी तुकड्यांनी गच्च बसली होती. एका दादांनी लोखंडी आकड्याने ती उचलली आणि आत हात घालून लगदा बाहेर काढला. त्यांच्या उजव्या हातातील मोजा फाटलेला होता, हे आम्ही पाहिले आणि ते इथे मुद्दाम लिहीत आहोत, कारण त्यांनी स्वतः त्याची तक्रार केली नाही. कोणाला दोष देण्याचा यात हेतू नाही; पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या मध्यावर मोज्यांची दुसरी जोडी देता आली तर ती उपयोगी पडेल, एवढेच सुचवायचे आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यात आपण दोघेही आहात. चपलांच्या ढिगात एका सफाई कामगार ताईंना लहान पर्स सापडली. तिच्यात ४,३०० रुपये, एक मोबाईल आणि किल्ल्या होत्या. त्यांनी ती न उघडता मुकादमांना दाखवली, दोघे मिळून बॅरिकेडपाशी आले आणि तिथल्या अंमलदारांनी त्या दोघांसमोर पर्स उघडून रक्कम मोजली, कागदावर लिहिली, त्यावर ताईंची सही घेतली आणि त्याची प्रत त्यांच्या हाती दिली. ताईंचा प्रामाणिकपणा मोठा आहेच. परंतु उद्या कोणी त्यांच्यावर संशय घेऊ नये म्हणून अंमलदारांनी दाखवलेली काळजीही तितकीच मोठी आहे.

सोमवारी सकाळी सात वाजता शाळेची बस नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली आणि मुले कोरड्या, स्वच्छ रस्त्यावरून चालत तिच्यापर्यंत गेली.

आमच्याकडून झालेली एक चूकही आम्हांला नोंदवायची आहे. गर्दीच्या भीतीने शनिवारी आम्ही इमारतीचे फाटक बंद ठेवले होते आणि तळमजल्यावरील स्वच्छतागृहालाही कुलूप होते. महिला अंमलदार आणि सफाई कामगार ताई बारा-चौदा तास आमच्या दाराशी उभ्या आहेत आणि त्यांना जायला जागा नाही, हे आमच्या लक्षात रविवारी सकाळी आले. तेव्हा आम्ही कुलूप काढले. ते आदल्या दिवशीच काढायला हवे होते. याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो. आमच्या सभेने ठराव केला आहे की पुढील वर्षापासून मिरवणुकीच्या संपूर्ण काळात तळमजल्यावरील स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि वाहनतळाच्या जागेत बसण्यासाठी वीस खुर्च्या आपल्यासाठी खुल्या राहतील आणि रात्री चहा व खाण्याची व्यवस्था आळीपाळीने चार-चार कुटुंबे करतील. ज्यांना आमच्या भागात नेमणूक मिळेल त्यांना हे आधीच सांगावे, अशी दोन्ही कार्यालयांना विनंती आहे.

वरिष्ठ अधिकाऱ्यांना आमची विनंती अशी की, वर उल्लेख केलेल्या अंमलदारांच्या आणि कायम सेवेतील सफाई सेवकांच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद व्हावी. कंत्राटी कामगार आणि होमगार्ड यांच्या बाबतीत तशी नोंद होणे अवघड असेल, तर त्यांना कार्यालयाच्या सहीशिक्क्याचे प्रशंसापत्र मिळावे, कारण पर्स परत करणाऱ्या ताई आणि खुर्ची उचलणारे होमगार्ड याच वर्गातले आहेत आणि आभाराची वेळ आली की नेमके हेच लोक यादीतून राहून जातात. शक्य असल्यास हे पत्र आरोग्य कोठीत सकाळच्या हजेरीला आणि पोलीस ठाण्यात रोजच्या हजेरीच्या वेळी वाचून दाखवावे. संबंधितांची आम्हांला कळलेली नावे व बक्कल क्रमांक उघड्या पत्रात न लिहिता सोबतच्या बंद पाकिटात दिले आहेत. ज्यांची नावे कळू शकली नाहीत, त्यांच्या नेमणुकीची जागा आणि वेळ लिहिली आहे. तेवढ्यावरून हजेरीपटातून त्यांचा शोध घेता येईल.

काकांची प्रकृती आता सुधारत आहे. त्या महिला अंमलदारांना, खुर्ची उचलणाऱ्या तिघांना आणि आरोग्य कोठीतील सर्वांना सवडीने एका संध्याकाळी आमच्याकडे चहाला येण्याचे त्यांचे निमंत्रण आहे. वार आणि वेळ आपण कळवावी. आम्ही सर्वजण घरी असू.

आपले ऋणी,
अध्यक्ष व सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था
(सर्व चोवीस कुटुंबांच्या सह्या मूळ प्रतीवर आहेत.)

सोबत : नावे, नेमणुकीच्या जागा व वेळा यांची यादी, बंद पाकिटात.

प्रत माहितीसाठी व योग्य त्या नोंदीसाठी सविनय सादर :
१) मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
२) मा. उपायुक्त, घनकचरा व्यवस्थापन विभाग, पुणे महानगरपालिका
३) मा. सहायक आयुक्त, कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय
४) मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर
५) मा. पोलीस उपायुक्त, परिमंडळ १, पुणे शहर
६) मा. जिल्हा समादेशक, होमगार्ड, पुणे