विषय: मुगाच्या रोपांची उंची फोटोवरून कशी काढली (9 वी ब, विज्ञान प्रकल्प)

नमस्कार बाई,

खिडकीतल्या गटाच्या सरासरीशेजारी तुम्ही प्रश्नचिन्ह करून "कप 5, मग भागिले 4 का?" असं लिहिलंय. त्याचं उत्तर आधी देते. तिसऱ्या कपातला मूग उगवलाच नाही. उरलेल्या चार रोपांची उंची 13.5, 12.8, 14.1 आणि 13.0 सेमी, बेरीज 53.4, भागिले 4 म्हणजे 13.35, वहीत 13.4 लिहिलंय. न उगवलेला मूग शून्य धरून 5 ने भागलं तर 10.7 येतं, आणि इतकं बुटकं रोप त्या गटात एकही नाही. किती उगवले ते "5 पैकी 4" असं शेजारच्या रकान्यात आहे.

आता मोजणी. रोपाला पट्टी टेकवली की कोवळा देठ वाकतो, म्हणून फोटोवरून मोजायचं ठरवलं. प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी कपाच्या मातीत उभी खोचलेली आहे, अगदी खोडाला लागून. ती मागे ठेवून चालत नाही. मोबाइल रोपापासून 40 सेमीवर असताना पट्टी 2 सेमी मागे गेली, तर ती लहान दिसते आणि 13.5 चं रोप 14.2 भरतं! मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर, रोपाच्या मध्याच्या उंचीला ठेवला होता.

फोटो ImageJ मध्ये उघडून आधी पट्टीवरचे 10 सेमी मोजले. खिडकीतल्या पहिल्या रोपाच्या फोटोत ते 820 पिक्सेल आले, म्हणजे 1 सेमीला 82. मग मातीपासून शेंड्यापर्यंत रेघ ओढली, ती 1107 पिक्सेल. 1107 भागिले 82 म्हणजे 13.5 सेमी. पानांची टोकं धरली नाहीत, कारण मुगाची पानं संध्याकाळी खाली झुकतात. शेंडा तिथेच राहतो.

कपाटातल्या अंधारातल्या रोपांनी मात्र छळलं. ती उंच आणि वेडीवाकडी, त्यामुळे सरळ रेघ खोटी ठरते. तिथे खोडाच्या वळणांनी रेघ नेली, आणि वाक कॅमेऱ्याकडे न येता बाजूला दिसेल असा कप फिरवून फोटो काढला. म्हणून त्या तक्त्यात "उंची" ऐवजी "खोडाची लांबी" लिहिलंय: 17.8, 19.2, 18.4, 16.9, 18.7, सरासरी 18.2. अंधारातली रोपं जास्त वाढली असं दिसतं, पण ती पिवळट आणि लुकडी आहेत. उजेड शोधत नुसती लांबलीत. शेजारी रंगाची नोंद हवीच, असं मला वाटतं.

प्रत्येक फोटो मी आणि शर्वरीने वेगवेगळा वाचला, एकमेकींचे आकडे न बघता. दोघींच्या आकड्यांची सरासरी त्या रोपाची उंची धरली. फरक 3 मिमीपेक्षा जास्त आला की दोघींनी तो फोटो परत वाचला.

दोन्ही गटांचे मूळ फोटो सोबत जोडलेत, नाव कपाच्या क्रमांकानेच आहे. वही शर्वरी सोमवारी आणेल.

ईशा जाधव
9 वी ब, हजेरी क्रमांक 14