ऐरोलीच्या घरचा राऊटर: काल नेट कुठे गेलं

काका, तुम्ही पाठवलेला राऊटरच्या डेटा वापराचा स्क्रीनशॉट नीट बघितला, २४ तासात एकूण ६१.४ जीबी गेलंय आणि त्यातलं २७.८ जीबी एकट्या हॉलमधल्या टीव्हीचं आहे, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के. दुसऱ्या नंबरवर गॅलरीतला कॅमेरा १४.२ जीबी, मग सईचा ऑफिस लॅपटॉप ९.६, सगळे फोन मिळून ६.३ आणि बाकी किरकोळ ३.५.

प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे डेटा कुठल्या पद्धतीने आला-गेला त्यात, QUIC ३०.१ जीबी आणि HTTPS २८.७, उरलेलं DNS वगैरे धरून २.६. QUIC ही पद्धत यूट्यूब वापरतं, त्यामुळे ते बहुतेक टीव्हीवरच्या यूट्यूबचंच असणार, पण राऊटरला आतलं दिसत नाही त्यामुळे नक्की कुठला व्हिडिओ ते कळणार नाही.

मला खरी काळजी कॅमेऱ्याची वाटते. टीव्हीचा आकडा मोठा असला तरी ते डाउनलोड आहे आणि काकू बघतात तेव्हाच होतं, कॅमेरा मात्र दिवसरात्र अपलोड करतोय, सरासरी काढली तर सेकंदाला साधारण १.३ मेगाबिट, आणि तुमच्या प्लॅनला अपलोड मुळात कमी आहे. सईचा आवाज मीटिंगमध्ये तुटतो तो यामुळेच असू शकतो. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सतत रेकॉर्डिंग बंद करून हालचाल झाली तरच रेकॉर्ड असं करा ना, आणि उद्या याच वेळेला परत स्क्रीनशॉट पाठवा, अपलोडचा कॉलम पण दिसू दे.

आणि हो, android-7f3c नावाचा फोन कोणाचा ते घरी विचारा. डेटा अगदी थोडा आहे, पण ओळखीचा नसेल तर वायफायचा पासवर्ड आजच बदला.