सईला समुपदेशकांकडे पाठवण्यासाठी संमती

सईच्या आई-बाबांना नमस्कार,

गेले तीन आठवडे सई वर्गात गप्प असते. मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बाकावर बसून राहते. परवा तर छान रंगवलेलं चित्र तिने स्वतःच चुरगळून दप्तरात कोंबलं. विचारलं की ‘काही नाही, बाई’ एवढंच. तिची काहीच तक्रार नाही, पण मला काळजी वाटते.

शाळेच्या समुपदेशक ताईंनी तिच्याशी निवांत बोलावं, असं वाटतं. तुमच्या संमतीशिवाय तिला पाठवणार नाही. बोलणं गोपनीय राहील. तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला तरच पुढे सांगावं लागेल.

घरी काही वेगळं जाणवतं का? होकार असो वा नकार, शुक्रवारपर्यंत खाली लिहून सही करा. आधी भेटायचं असेल तर शाळा सुटल्यावर मी वर्गातच असते.

सईची वर्गशिक्षिका, पाचवी ब