विकणे आहे: 'जागल', ओरिजिनल ऑइल पेंटिंग, कॅनव्हासवर, ३६ × २४ इंच

आधी मुद्द्याचं सांगतो मग गोष्टी. हातानं रंगवलेलं एकच चित्र आहे, प्रिंट नाही आणि याची प्रिंट कधी काढली पण नाही. ऑइल कलर, कॉटन कॅनव्हास, लाकडी स्ट्रेचरवर ताणलेला. आडवं चित्र, ३६ इंच रुंद, २४ इंच उंच, सेंटीमीटरमध्ये साधारण ९१ बाय ६१, कडेची जाडी दीड इंच, वजन अडीच किलोच्या आसपास. सही पुढून पण आहे, मागून पण. फ्रेम नाही, पण आहे तसंच टांगता येते. किंमत २२,००० रुपये, पेटी आणि पाठवायचा खर्च वेगळा. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ, येऊन बघायचं असंल तर बिनधास्त या, चहा पाजतो.

आता चित्रात काय आहे. पौषातली रात्र, हरभऱ्याचं वावर, मधात चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, वर तुराट्यांचं छप्पर, त्यावर घोंगडं पांघरून माझा बाप बसलेला. खाली शेकोटी विझत आलेली. धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, जुन्या साड्या बांधलेल्या आहेत, डुकरं यायला नको म्हणून आमच्याकडे बांधतात तशा, त्या अंधारात फिक्कट पट्ट्यांसारख्या दिसतात, एक गुलाबी, एक पोपटी, एक माझ्या आईची लग्नातली जांभळी होती ती. बाजूला वाजवायचा तेलाचा रिकामा पिपा. बस एवढंच.

आणि हो, यात वाघ नाही. हे आधीच सांगतो कारण जो बघतो तो पहिले हेच विचारतो, गावातला शेजारी पण आला आणि दहा मिनिटं नाक लावून बघून म्हणे "याच्यात वाघ कुठी हाय रे?" विदर्भातला चित्रकार म्हटलं की लोकांना ताडोबाचा वाघ पाहिजे असतो, डोळे चमकणारा, ढाण्या. मी पण काढले आहेत, विकले आहेत, खोटं कशाला बोलू. पण आमची झोप वाघानं मोडत नाही, डुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, मोडते, आणि तेही चित्रात नाहीत कारण ते दिसतच नाहीत, फक्त आवाज येते आणि सकाळी ओळीच्या ओळी साफ असतात. मला जागणारा माणूस काढायचा होता, आणि जो येणार आहे त्याची वाट.

रंगाचं सांगतो कारण फोटोत हे समजत नाही. फोटोत चित्र काळं वाटते, खरं तर यात काळा रंग ट्यूबमधून एक थेंबही घेतला नाही. सगळा अंधार अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून केला आहे, निळा जास्त घेतला की रात्र थंड दिसते, अंबर वाढवला की माती दिसते, आकाश आणि वावर यांच्यातला फरक सगळा त्या दोन रंगांच्या भांडणातूनच आला. खाली पहिला पातळ थर बर्न्ट सिएनाचा आहे, तो काही जागी मुद्दाम उघडा ठेवला, माळ्याच्या खाली बघा, लालसर ऊब दिसते ती तीच. शेकोटी मात्र चाकूनं घातली आहे, ब्रशनं नाही, तिथे रंग तीन-साडेतीन मिलिमीटर उंच उभा आहे, हात फिरवला तर लागते (फिरवू नका). ट्यूबलाइट समोरून मारली तर चित्र मरते, बाजूनं पिवळा दिवा द्या मग बघा.

ऑइल कलरमधलं तेल म्हणजे जवसाचं, हे आमच्या आईला सांगितलं तर तिला लय हसू आलं, ज्याची आपण चटणी खातो त्यानं तू बापाला रंगवलं म्हणे. पण घाण्यावरचं तेल यात चालत नाही, ते चिकट राहते, कलरवाल्याकडचं साफ केलेलंच वापरलं आहे. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून जाड थराला महिने लागतात. डिसेंबर २०२३ ला सुरू केलं, मार्च २०२४ ला हात थांबवला, मग पूर्ण एक पावसाळा वाळू दिलं आणि जानेवारी २०२५ मध्ये वार्निश लावलं. घाई करून वार्निश मारलं की वरून कडक आतून मऊ आणि मग तडे. वार्निश अर्ध मॅट आहे, ग्लॉस लावलं असतं तर रात्रीच्या चित्रात तुमचीच खिडकी दिसली असती. पन्नास वर्षांनी कोणाला साफ करायचं असंल तर हे वार्निश काढता येते, त्या जातीचंच घेतलं.

कॅनव्हास कापसाचा, जाड विणीचा, त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. कापूस आमच्या यवतमाळचाच असंल का ते देव जाणे, इथून गाठी जातात आणि कापड होऊन परत येते तेव्हा ओळखू येत नाही. स्ट्रेचर गावातल्याच सुताराकडून जुन्या सागाच्या चौकटीतून काढून घेतला, मधात एक आडवी पट्टी आहे कारण ३६ इंचाला पट्टी नसली तर लाकूड वाकते. पट्ट्यांना आतून उतार दिला आहे म्हणजे कॅनव्हास लाकडाला घासून रेघ पडत नाही. कोपऱ्यात लाकडी खुंट्या आहेत, एकूण आठ. पावसाळ्यात दमट हवेनं कॅनव्हास थोडा सैल पडला तर घाबरू नका, मागून खुंट्या हलक्या हातानं ठोका, आणि ठोकताना कॅनव्हास आणि हातोडीच्या मधात एक पुठ्ठा धरा.

सही उजव्या कोपऱ्यात खाली, देवनागरीत 'गजू २०२४' एवढीच, फिक्कट मातकट रंगात, पटकन दिसणार नाही, शोधा म्हणजे सापडंल, साडीच्या खालच्या कडेला लागून. मागे स्ट्रेचरच्या लाकडावर पेन्सिलनं नाव, माप, रंग, वार्निशची तारीख आणि पूर्ण सही आहे. कॅनव्हासच्या मागे काहीच लिहिलं नाही, तिथे दाबून लिहिलं की पुढे उमटते. सोबत एक कागद देतो सर्टिफिकेटचा, त्यावर चित्राचा छोटा फोटो आणि माझी सही राहील. चित्र तुमचं, पण कॅलेंडर किंवा प्रिंट काढायचा हक्क माझ्याकडेच राहील, घरात लावा, लोकांना दाखवा, त्याला काही नाही.

दोष पण सांगून टाकतो. बल्बखाली रंगवत होतो तर एक चिलट आकाशात चिकटलं, वरच्या डाव्या बाजूला, काढायला गेलो तर रंग उखडला असता म्हणून राहू दिलं. बारकाईनं बघितलं तरच दिसते. ज्याला ते चालत नसंल त्यानं घेऊ नये, नंतर भांडण नको.

फ्रेमबद्दल. कडा चारही बाजूनं रंगवलेल्या आहेत, चित्र कडेवरून मागे वळते, खिळे मागच्या बाजूला, म्हणून बिनाफ्रेमचं पण अपूर्ण वाटत नाही. मागे दोन रिंगा आणि दोरी लावलेली आहे. पाहिजे असंल तर आमचा सुतार सागाची फ्लोटर फ्रेम करून देतो, कडेला बोटभर मोकळी जागा सोडून, ३,२०० रुपये जास्तीचे आणि पंधरा दिवस लागतात. पण माझं ऐकाल तर तुमच्या गावातच करा, फ्रेमचे कोपरे प्रवासात पहिले फुटतात. काच लावू नका, काच ऑइलला लागत नाही. आणि कुलरच्या समोरच्या भिंतीवर तर अजिबात लावू नका, तीन महिने ओली हवा खाल्ली की कॅनव्हासला बुरशी. ओल्या कपड्यानं पुसायचं नाही, कोरडा मऊ ब्रश फिरवायचा.

आता पाठवणी, यावर मी जास्त बोलतो कारण एकदा तोंड पोळलं आहे. तीन-चार वर्षांआधी एक चित्र सरळ बबल रॅपमध्ये गुंडाळून एप्रिलमध्ये पाठवलं, ट्रकमध्ये तापलं आणि तिकडे उघडलं तर आकाशभर गोल गोल डाग, देवी निघाल्यासारखे. पैसे परत दिले. चूक माझीच होती, गाडीवाल्याची नाही. तेव्हापासून पद्धत अशी: चित्राच्या तोंडावर पहिले ग्लासिन पेपर, तो चिकटत नाही, मग पुठ्ठ्याची चौकट अशी की शेकोटीच्या जाड रंगाला काहीच टेकणार नाही, मग प्लास्टिकमध्ये सील आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, कोपऱ्यांना फोमचे कोपरे, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेरून, फुगे बाहेरच्या बाजूला. हे सगळं ४ एमएम प्लायवूडच्या पेटीत, चारही बाजूनं दोन इंच फोम. पेटीला खिळे नाही, स्क्रू, तिकडे पकडीनं उपटावं लागू नये. उघडायचे स्क्रू लाल रंगानं खुणावलेले राहतील.

गुंडाळून पाइपमध्ये पाठव असं विचारू नका, स्वस्त पडते मला माहीत आहे, पण जाड रंग गुंडाळला की तडकते.

पेटीचे ९०० रुपये. पेटी भरून अकरा किलो होते पण कुरियरवाले आकाराचं वजन धरतात, लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात, म्हणजे १०५ × ७५ × १५ चे साडेतेवीस किलोच्या थोडे वर, आणि बिल त्याचंच येते. पिनकोड सांगा म्हणजे नक्की आकडा विचारून सांगतो. यवतमाळ, अमरावती, वर्ध्यापर्यंत मी स्वतः आणून देतो, पेट्रोल द्या फक्त. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत पाठवत नाही, इकडे पारा ४५ च्या वर जाते आणि गाडीच्या डब्यात त्याहून जास्त. म्हणून हा हिवाळाच बरा. परदेशात नाही, तिकडे लाकडी पेटीला उष्णता देऊन शिक्का मारलेलं लाकूड लागते, ते आमच्या सुताराकडे नाही.

विमा चित्राच्या पूर्ण किमतीचा काढतो, तो माझ्याकडून. पेटी घेताना बाहेरून फोटो काढा, उघडताना व्हिडिओ करा, काही झालं असंल तर ४८ तासांत कळवा, दुरुस्त होण्यासारखं असंल तर मी करून देतो नाहीतर पूर्ण पैसे परत. नुसतं आवडलं नाही तरी सात दिवसांत परत घेतो, पण येण्याजाण्याचा खर्च तुमचा आणि पेटी तीच वापरा, फेकू नका.

पैसे अर्धे आधी, अर्धे पेटी बंद केल्याचा व्हिडिओ पाठवल्यावर, यूपीआय चालते. किंमत थोडी खाली येईल का, तर हजार-पाचशे ठीक आहे, अर्ध्यावर येऊ नका. दोन वर्षं घरातच होतं हे चित्र, विकायचं मनात नव्हतं, बोअरची मोटर जळाली म्हणून काढलं.

मेसेज करताना पिनकोड टाका आणि कोणत्या भिंतीवर लावणार तिचा फोटो टाकला तर बरं, साइज बसते का ते सांगतो. दिवसा वावरात रेंज राहत नाही. रात्री कितीही वाजता विचारा, बापाचे गुडघे गेले आता, हरभरा निघेपर्यंत माळ्यावर मीच असतो.