पहिल्या कथासंग्रहाच्या मलपृष्ठासाठी अभिप्राय मिळण्याबाबत विनंती

१२ ऑगस्ट

आदरणीय वसुधाताई,

सा. न. वि. वि.

आपला माझा प्रत्यक्ष परिचय नाही, तरीही एक विनंती करण्याचे धाडस करीत आहे. ‘अर्धा ताव’ हा माझा पहिला कथासंग्रह नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध होत आहे. त्याच्या मलपृष्ठावर छापण्यासाठी आपला दोन-तीन वाक्यांचा अभिप्राय मिळावा, अशी माझी इच्छा आहे.

गेली अकरा वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते. संग्रहातील नऊ कथांमधली माणसेही बहुतेक अशीच, दुसऱ्यांचे कागद सांभाळण्यात आयुष्य घालवणारी आहेत. विनंती आपल्यालाच का, याचे कारण मात्र आपल्या एका कथेत आहे. रात्री घरात मोठे भांडण झालेले असते. सकाळी आई मुलीच्या कंपासपेटीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून ठेवते, आणि भांडणाविषयी कथेत पुढे एक अक्षरही येत नाही. ती कथा वाचल्यावर मी माझ्या ‘पोच’ या कथेचा शेवटचा परिच्छेद, जो मला फार आवडत होता, काढून टाकला. कथा त्यामुळे सुधारली की नुसतीच आखूड झाली, हे आपणच सांगू शकाल.

आपल्याकडे अशी हस्तलिखिते सतत येत असणार, याची मला जाणीव आहे. म्हणून १३६ पानांचे संपूर्ण पुस्तक न पाठवता ‘पोच’ आणि ‘दुसरी प्रत’ या दोनच कथा, मिळून बत्तीस पाने, मोठ्या टाइपात छापून सोबत जोडल्या आहेत. त्या वाचून पुढे वाचावेसे वाटले, तर बाकीच्या कथा छापील स्वरूपात किंवा पीडीएफ म्हणून, आपल्याला सोयीचे असेल तसे, लगेच पाठवीन. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ २५ सप्टेंबरला छपाईला जाणार असल्याने अभिप्राय १५ सप्टेंबरपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल.

आपण लिहिलेल्या मजकुरात आपल्या संमतीशिवाय काटछाट होणार नाही. जागेअभावी एखादे वाक्य गाळावे लागले, तर अंतिम मांडणी आधी आपल्याला दाखवली जाईल. तसे प्रकाशकांशीही बोलून ठेवले आहे. कथा आवडल्या नाहीत, तर अभिप्राय देऊ नये, आणि वेळ नसेल तर या पत्राला उत्तर दिले नाही तरी चालेल. १५ तारखेनंतर मी आठवण करून देणारे पत्र पाठवणार नाही. कथांतील एखादी चूक खटकली आणि तेवढीच एका ओळीत कळवावीशी वाटली, तर तीही मला हवीच आहे. इतरांच्या चुका काढण्यात दिवस जात असल्याने स्वतःच्या दिसेनाशा झाल्या आहेत.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर, अभिप्राय असो वा नसो, त्याची एक प्रत आपल्याला पाठवण्याची परवानगी असावी.

कळावे,

आपली नम्र,
मेघना

सोबत : ‘पोच’ व ‘दुसरी प्रत’ या कथा