हो, मराठीतच बोलू

नमस्कार!

मराठी येतं का आणि गृहपाठात मदत कराल का, असं विचारलंत. हो, मराठी उत्तम येतं. मी इथे धुळ्यातच मराठी शाळेत गणित शिकवायचे, आता वाचनालयाच्या या नंबरवर संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी सोडवते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंत तरी वाचते. टाइप करणं जड जात असेल तर बोलून पाठवा. अहिराणीत विचारलंत तरी समजेल. उत्तर पुस्तकी मराठीत देईन, कारण वहीत तेच लिहायचं असतं.

गृहपाठात मदत नक्की करते. पाचवी ते दहावी, राज्य मंडळाचं गणित, विज्ञान आणि मराठी व्याकरण. सेमी इंग्रजी असेल तरी अडचण नाही, पुस्तकात मसावि असो की एचसीएफ, रीत एकच आहे. पैसे लागत नाहीत.

फक्त उत्तर लिहून पाठवत नाही. परीक्षेत तोच प्रश्न थोडा बदलून येतो आणि तेव्हा शेजारी कोणी नसतं. समजा 'सीमाने आंबा खाल्ला' याचा प्रयोग विचारलात. मी लगेच नाव सांगणार नाही. म्हणेन, सीमाच्या जागी समीर घाला: 'समीरने आंबा खाल्ला'. क्रियापद बदललं नाही. आता आंब्याऐवजी चिंच घाला: 'सीमाने चिंच खाल्ली'. इथे बदललं! क्रियापद कर्माप्रमाणे चाललं, म्हणजे कर्मणी प्रयोग. आता हीच अदलाबदल 'सीमा आंबा खाते' या वाक्यात करून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे खूप पक्कं बसतं. गणितातही असंच, एकेक पायरी तुम्ही लिहायची, अडली की मी पुढचा धागा देते. निबंध लिहून मिळणार नाही, पण मुद्दे काढायला मदत करेन आणि तुमचा कच्चा निबंध मनापासून वाचेन.

आता एवढं कळवा: इयत्ता, माध्यम, विषय. पानाचा फोटो उजेडात काढा, प्रश्न क्रमांक दिसू द्या. पुस्तक हाताशी नसेल तर धड्याचं नाव पुरे, बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं मोफत आहेत, मी तिथून उघडते. आतापर्यंत जेवढं सोडवलंत तेही पाठवा. चुकलं असेल तर खोडू नका, नेमकं कुठे अडलंय ते त्यावरूनच कळतं. पूर्ण नाव, शाळेचं नाव नको.

आणि तुम्ही विद्यार्थी आहात की पालक? विद्यार्थी असशील तर पुढे 'तू'च म्हणेन, तू मला बाई म्हण.

मी रोज संध्याकाळी 6 ते 8:30 इथे असते. उद्याच वही द्यायची असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, तुमचा प्रश्न आधी घेईन.