पाऊण इंच

दुकानाचा ऑनलाइन कॅटलॉग करायचा म्हणून पल्लवीने सगळे करतात तेच आधी केलं. कंपन्यांच्या वेबसाइटवरचे चकचकीत फोटो उतरवले, व्हॉट्सअॅप बिझनेसवर टाकले, खाली भाव लिहिले आणि लिंक सगळ्या प्लंबर-सुतारांना पाठवली.

बाबांनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.

"भाव काऊन लिहिले? समोरचा दुकानदार उद्या दोन रुपये कमी लिहीन. अन् ठेकेदार म्हणन, चिल्लर गिऱ्हाइकाले जो भाव तोच मले? मग पन्नास पेट्या नेऊन मी काय कमावलं?"

इतवारीतल्या लोहाओळीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तरी पल्लवी हटली नाही. आणि आठ दिवसांत बाबांच्या हाती आयतंच कोलीत आलं.

मनीषनगरमधल्या एका फ्लॅटचं फर्निचर चालू होतं. घरमालकाने फोटो पाहून चोवीस ऑटो हिंज मागवले. समोरून सगळे हिंज सारखेच दिसतात, तीच पस्तीस मिलिमीटरची वाटी, तेच दोन स्क्रू. फरक असतो तो मागच्या दांडीच्या वाकात. पल्ला कपाटाची बाजू पूर्ण झाकत असेल तर झिरो क्रँक, दांडी सरळ. मधल्या एकाच फळीवर दोन पल्ले येत असतील तर आठ, थोडी वाकलेली. पल्ला कपाटाच्या आत बसत असेल तर सोळा, चांगली कोपरासारखी वाकलेली. घरमालकाने पहिलाच फोटो निवडला, झिरो. सुताराचे पल्ले आतले. दोन हिंज ठोकून झाल्यावर पल्ला चौकटीत बसेचना, तेव्हा बावीस कोरे आणि दोन वापरलेले हिंज घेऊन तो दुकानात आला.

बाबांनी चोवीसच्या चोवीस बदलून दिले. वापरलेला माल कंपनी परत घेत नाही आणि सुतार तोडणं परवडत नाही. सुतार गेल्यावर त्यांनी ते दोन हिंज पल्लवीच्या वहीवर ठेवले.

"हा घे तुझा ऑनलाइन."

पल्लवीने त्या रात्री कॅटलॉगमधले सगळे आयटम लपवले. दुसऱ्या दिवसापासून ती गल्ल्याशेजारी स्टुलावर बसायला लागली. गिऱ्हाईक काय मागतं ते लिहीतच नव्हती. त्याने मागितल्यावर बाबा काय विचारतात, तेवढंच लिहीत होती.

मार्च लागला होता, म्हणजे नागपुरात कूलरचा हंगाम. "कूलरची मोटर द्या" म्हणत माणूस यायचा आणि बाबांची सरबत्ती सुरू व्हायची. पंख्याची मोटर का पाण्याचा पंप? कूलर किती फूट उंच? टाकीत पाणी बोअरचं का नळाचं? बोअरच्या जड पाण्याने पंपाची जाळी महिनाभरात पांढरी पडून बुजते, म्हणून तशा गिऱ्हाइकाला ते जाळी सहज निघणारा पंप द्यायचे आणि पंधरा दिवसांनी ती धू म्हणून सांगायचे. उंच लोखंडी कूलरला छोटा पंप लावला तर ताटीच्या वरच्या कडेपर्यंत पाणी चढतच नाही. ताटी कोरडीच राहते, आणि माणूस म्हणतो ताटीच खराब दिली.

वही भरत गेली. बिजागरीला, दार लाकडी का लोखंडी, जाडी किती? स्क्रूला, प्लायमध्ये का भिंतीत? अल्ड्रॉपला, दार आत उघडते का बाहेर? एका वस्तूला दोन-तीन प्रश्न, त्याहून जास्त कधीच नाहीत. ते नेहमी तेच आणि त्याच क्रमाने. बाबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांना ते पटलं नसतं.

मग तिने फोटो स्वतः काढले. सकाळी शटर उघडल्यावर दारातून येणाऱ्या उजेडात, पांढऱ्या चार्ट पेपरवर, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. तिन्ही हिंज एकाच फोटोत, आडवे, दांडीचा वाक दिसेल असे. आयटमच्या नावात प्रश्नच टाकला: "ऑटो हिंज, पल्ला आत बसतो? सोळा क्रँक घ्या." प्रत्येकाला कोड दिला, एच १६, पी २०, असा, कारण "तो मधला पांढरा" असं लिहून आलेल्या मेसेजवरून माल काढता येत नाही. भावाचा तंटा तिने निम्म्यावर मिटवला. छापील एमआरपी असलेल्या वस्तूंना, म्हणजे कुलूप, पंप, नळ यांना भाव. बाइंडिंग तार, खिळे, पाइप यांच्यापुढे भावाची जागा कोरी, खाली "आजचा भाव दुकानात विचारा". चारशेवर आयटम टाकण्याचा मोह तिने आवरला आणि रोज विकली जाणारी चाळीसच टाकली.

बाबांनी दुपारच्या सामसुमीत चष्मा लावून ते वाचलं. चूक काढण्यासाठीच वाचलं, हे त्यांच्या भुवयांवरून कळत होतं. आणि ती सापडली.

"हे पाय. सीपीव्हीसीचा पाऊण इंची एल्बो. खाली लिहिलं, गरम पाण्यासाठी. इतकंच?"

"अजून काय पाहिजे बाबा?"

बाबांनी खणातून दोन तुकडे काढले, एक पिवळसर आणि एक पांढरा. "हा पाऊण इंची सीपीव्हीसी. हा अर्धा इंची यूपीव्हीसी. लाव व्हर्निअर."

पिवळसर पाइप बाहेरून बावीस पूर्णांक दोन मिलिमीटर भरला, पांढरा एकवीस पूर्णांक तीन. नावात पाव इंचाचा फरक आणि हातात मिलिमीटरभराचाही नाही.

"नवखा पोरगा पांढऱ्यावर हा एल्बो चढवते. ढिला होते. तो सोल्युशन जास्त थोपते. दोन दिवस धरते, मग भिंतीतून गळते. टाइल फोडा लागते. अन् त्याले वाटते एल्बो डुप्लिकेट होता. लिही, पाइपाचा रंग पाहून मागवा. अन् सोल्युशन बी वेगळं, ते बी लिही."

पल्लवीने लिहिलं. बाबा पुढच्या आयटमवर गेले. टेलिस्कोपिक चॅनलपाशी त्यांनी दुसरी चूक काढली. खणाची लांबी नाही, कपाटाची आतली खोली मोजा, आणि चॅनल तिच्याहून दोन इंच कमी घ्या, नाहीतर मागची फळी आडवी येते. बॉल व्हॉल्व्हपाशी तिसरी. चहा आला, तो तसाच गार झाला.

एप्रिलमध्ये बेसा भागातल्या एका प्लंबरने अकरा आयटमची ऑर्डर कोडसकट पाठवली. बाबांनी सवयीने त्याला फोन लावला.

"पाणी गरम का थंड?"

"गरम, भाऊ. अन् पाइप पिवळसर आहे, पाहून घेतला. सोल्युशनचा कोड बी टाकला आहे, पहा."

बाबांना पुढे विचारायला काही उरलं नाही. त्यांनी माल बांधायला सांगितला आणि पोऱ्याला पत्ता लिहून दिला.

संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून दोन खोकी खाली उतरवायला लावली. जुन्या मापाच्या पितळी कड्या-कोयंडे, महालातल्या वाड्यांच्या दारांना लागणारे. ओळीत आता कुणी ठेवत नाही आणि कुणी विचारायलाही येत नाही.

"हे टाक त्याच्यात. भावासकट टाक, ह्याच्यात कोणी दोन रुपये कमी नाही करत."

"बाबा, एका कॅटलॉगमध्ये पाचशेच आयटम बसतात हं. सगळा माळा नाही मावणार."

"मग स्क्रूचे सगळे साइज एकाच फोटोत टाक, खाली नंबर लिही. इतक्या जागा कायले अडवल्या?" एवढं बोलून त्यांनी एक कोयंडा चिंचेने घासायला घेतला, फोटोत पितळ दिसलं पाहिजे म्हणून.